कंबरेचा एमआरआय रिपोर्ट: कोणती ओळ तुमच्या दुखण्याशी जुळते?

कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट हाती आला की बहुतेक जण थेट शेवटचा 'इम्प्रेशन' हा भाग वाचतात. तिथे डिस्क बल्ज, स्पॉन्डिलोसिस, थीकल सॅक इंडेंटेशन, फोरामिनल नॅरोइंग असे शब्द असतात. घरी पोहोचेपर्यंत त्यांचं 'मणके झिजलेत, गादी सरकलीय, नस दबलीय' असं रूप झालेलं असतं. मग वाकणं बंद होतं, बादली उचलणं बंद होतं आणि कमरेला लागलेला पट्टा सहा सहा महिने सुटत नाही.

रेडिओलॉजिस्टचं काम प्रतिमेत जे दिसतं ते नोंदवण्याचं. पुष्कळदा त्यांची आणि रुग्णाची भेटही होत नाही. त्यांच्यापुढे असतात त्या प्रतिमा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा 'कंबरदुखी' एवढा एक शब्द. कळ कोणत्या पायात जाते, कुठल्या बोटापर्यंत जाते, बसल्यावर वाढते की चालल्यावर, हे त्या चिठ्ठीवर क्वचितच असतं. त्यामुळे रिपोर्टमधली ओळ ही दिसलेल्या गोष्टीची नोंद असते. ती तुमच्या दुखण्याचं कारण आहे का, हे ठरवायला तिची तुमच्या तक्रारीशी जुळणी करावी लागते: जागा जुळते का, बाजू जुळते का, आणि दुखण्याची तऱ्हा जुळते का. ही जुळणी कशी करतात ते एका नमुना रिपोर्टवरून पाहू. हा रिपोर्ट कुणा एकाचा नाही, पण चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या फायलींमध्ये असेच रिपोर्ट सापडतात.

नमुना रिपोर्ट

१. लंबर लॉर्डोसिस सरळ झालेला, बहुधा मसल स्पाझममुळे.
२. मणक्यांच्या कडांना ऑस्टिओफाइट्स, लंबर स्पॉन्डिलोसिस.
३. एल-३–४, एल-४–५ आणि एल-५–एस-१ या डिस्कमध्ये डेसिकेशन. एल-५–एस-१ डिस्कची उंची कमी.
४. एल-३–४ आणि एल-५–एस-१: डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅक इंडेंट होते, दोन्ही बाजूंना माइल्ड फोरामिनल नॅरोइंग.
५. एल-४–५: डावीकडे पॅरासेंट्रल डिस्क प्रोट्रुजन, डावी लॅटरल रिसेस अरुंद, डाव्या ट्रॅव्हर्सिंग एल-५ नर्व्ह रूटला स्पर्श.

कंबरेत पाच मणके असतात, त्यांना वरून खाली एल-१ ते एल-५ म्हणतात. त्याखालचं त्रिकास्थी म्हणजे एस-१पासून पुढचा भाग. दोन मणक्यांमध्ये एक डिस्क, म्हणून तिचं नाव जोडीनं येतं. मज्जारज्जू साधारण एल-१च्या आसपास संपतो. त्याखाली थीकल सॅक या पिशवीत, पाण्यासारख्या द्रवात, पायांकडे जाणाऱ्या नसांची मुळं मोकळी तरंगत असतात. हे लक्षात ठेवलं की पुढच्या ओळी समजायला सोप्या जातात.

पहिल्या चार ओळी काय सांगतात

पहिली ओळ कमरेच्या नैसर्गिक आतल्या बाकाविषयी आहे. एमआरआयच्या टेबलावर पाठीवर झोपवताना गुडघ्यांखाली उशी देतात, त्यानेही हा बाक कमी दिसतो. स्नायू आखडले असले तरी दिसतो, आणि काहींची कंबर मुळातच तशी असते. या एकट्या ओळीवर कुठलाही उपचार ठरत नाही.

स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांच्या सांध्यांत वयानुसार होणारे बदल. डिस्क थोडी खाली बसते, मणक्याच्या कडेला हाडाची छोटी वाढ होते, मागचे फॅसेट नावाचे छोटे सांधे खरबरीत होतात. हाडाच्या त्या वाढीला ऑस्टिओफाइट म्हणतात. 'काटा' म्हटलं की तो आत टोचत असेल असं वाटतं, पण बहुतेक ऑस्टिओफाइट मणक्याच्या पुढच्या आणि बाजूच्या कडेला असतात. तिथे टोचली जाईल अशी नस नसते.

डेसिकेशन म्हणजे डिस्कमधलं पाणी कमी होणं. तरुणपणी डिस्कचा गाभा पाण्याने भरलेला असतो, तो एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत पांढरा दिसतो. पाणी कमी झालं की तोच काळा दिसू लागतो. उंची कमी होणं ही त्याचीच पुढची पायरी. 'मणक्यात गॅप आलाय' असं जे सर्रास सांगितलं जातं, ते बहुतेकदा याच ओळीबद्दल असतं, आणि प्रत्यक्षात तिथली जागा कमी झालेली असते. साध्या एक्स-रेमध्ये तर डिस्क दिसतच नाही, नसही दिसत नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा पाहून डिस्कच्या उंचीचा अंदाज बांधलेला असतो. म्हणून केवळ एक्स-रे पाहून कुणी 'नस दबलीय' म्हणालं, तर तो अंदाजच समजावा.

डिफ्यूज बल्ज म्हणजे डिस्कची कड मणक्याच्या कडेबाहेर थोडी पसरणं. परिघाच्या पाव भागाहून जास्त ठिकाणी अशी कड बाहेर आली असेल तर बल्ज म्हणायचं, असा संकेत आहे. थीकल सॅक इंडेंट होते म्हणजे पसरलेली कड त्या पिशवीला पुढून टेकून जरा आत ढकलते. आतली मुळं द्रवात तरंगत असल्याने त्यांना बाजूला सरकायला जागा असते. त्यामुळे 'सॅकवर दाब' आणि 'नसेवर दाब' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर रिपोर्टमध्ये नर्व्ह रूटचा वेगळा उल्लेख येतो.

हे बदल न दुखणाऱ्या पाठीतही असतात

कंबर न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनमध्ये काय दिसतं, हे पाहणारे ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३,११० जणांची माहिती होती, आणि त्यांच्यापैकी कुणालाच कंबरदुखी नव्हती. विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज दिसला, चाळिशीच्या वयात ५० टक्क्यांमध्ये, साठीत ६९ टक्क्यांमध्ये आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांमध्ये. डिस्कमधले वयोमानाचे बदल विशीत ३७ टक्क्यांत होते, चाळिशीत ६८ टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत. म्हणजे चाळिशीतल्या, ठणठणीत, न दुखणाऱ्या दहा जणांना मशिनमध्ये झोपवलं, तर पाचांच्या रिपोर्टवर बल्ज लिहून येईल.

यावरून 'रिपोर्टला काही अर्थच नाही' असा निष्कर्ष काढणंही चुकीचं आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका एकत्रित अभ्यासात पन्नाशीपर्यंतच्या वयात दुखणारे आणि न दुखणारे यांची तुलना केली होती. त्यात डिस्कचे हे बदल दुखणाऱ्यांमध्ये जास्त प्रमाणात आढळले. म्हणजे संबंध आहे, पण तो गटाच्या पातळीवर दिसतो. एका माणसाच्या रिपोर्टवरची ओळ पाहून त्याला दुखतं की नाही हे सांगता येण्याइतका तो घट्ट नाही.

काही ओळींचं वजन मात्र जास्त असतं. १९९४ साली ९८ न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले गेले. निम्म्याहून जास्त लोकांत बल्ज होता, २७ टक्क्यांत प्रोट्रुजन होतं, पण एक्स्ट्रुजन फक्त एका टक्क्यात. प्रोट्रुजनमध्ये डिस्कचा एका जागचा फुगवटा बाहेर येतो आणि त्याचा पाया रुंद असतो. एक्स्ट्रुजनमध्ये मान अरुंद आणि डोकं मोठं अशा आकारात गाभ्याचा भाग बाहेर पडतो, किंवा वर-खाली सरकतो. तो तुकडा पूर्ण सुटला तर त्याला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. बल्ज ते सिक्वेस्ट्रेशन या क्रमाने ती ओळ गंभीरपणे घ्यायची, पण तेव्हाही जुळणी करूनच.

एकच रिपोर्ट, तीन माणसं

आता नमुना रिपोर्टमधली पाचवी ओळ घेऊ. एल-४–५ डिस्क डावीकडे फुगली आहे आणि तिथून खाली जाणाऱ्या एल-५ मुळाला टेकली आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एल-४–५ या पातळीवर मधोमध किंवा किंचित बाजूला आलेला फुगवटा बहुधा एल-५च्या मुळाला त्रास देतो. एल-४चं मूळ तोवर वरच्या वाटेने बाहेर पडलेलं असतं. तसंच एल-५–एस-१चा असा फुगवटा एस-१च्या मुळाला लागतो.

प्रत्येक मुळाचा पायातला इलाका ठरलेला आहे. एल-५ची कळ कुल्ल्यातून मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे जाते. ते मूळ अशक्त झालं तर अंगठा वर उचलायला जड जातं, टाचांवर चालता येत नाही. एस-१ची कळ मांडी-पोटरीच्या मागून उतरून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जाते. त्यात चवड्यावर उभं राहणं अवघड होतं आणि टाचेमागचा रिफ्लेक्स मंदावतो. एल-४ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्याच्या आतल्या बाजूने नडगीवर येते.

समजा, हा रिपोर्ट सेहेचाळीस वर्षांच्या एका शाळाशिक्षकांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी कपाट सरकवताना कंबरेत उसण भरली. दुखतं ते पट्ट्यासारखं, कमरेत आडवं. सकाळी खुर्चीतून उठताना चमक येते, थोडं चाललं की सैल होतं. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. टाचांवर आणि चवड्यांवर दोन्ही प्रकारे चालता येतं. पाय सरळ ठेवून डॉक्टरांनी वर उचलला तर कंबर दुखते, पायात काही उतरत नाही. या शिक्षकांच्या बाबतीत पाचवी ओळ जुळत नाही. एल-५च्या मुळाचा त्रास असता तर तो डाव्या पायात बोलला असता. त्यांची कंबरदुखी कमरेच्या स्नायू, सांधे आणि डिस्क यांतून येणारी साधी, यांत्रिक कंबरदुखी आहे. नेमकी त्यातल्या कशातून, हे एमआरआयवरून सांगता येत नाही आणि त्याने उपचारही बदलत नाहीत: आठवडा-दोन आठवडे गरजेपुरती वेदनाशामक गोळी, अंथरुणाला खिळून न राहता हिंडतं-फिरतं राहणं, हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम, आणि वाकण्या-उचलण्याची भीती सोडून पूर्वीच्या कामांकडे परत जाणं. पाचव्या ओळीसाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, तर जी नस त्रासच देत नव्हती ती मोकळी होईल आणि कंबर दुखतच राहील.

आता हाच रिपोर्ट एका बाईंचा आहे असं समजा. कंबर जेमतेम दुखते, पण डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत विजेसारखी कळ जाते. शिंकलं, खोकलं की वाढते. बसवत नाही. डावा पाय सरळ ठेवून उचलला की चाळीस अंशांवरच पोटरीत कळ उतरते. डाव्या अंगठ्याची ताकद उजव्यापेक्षा थोडी कमी आहे. इथे पातळी जुळली, बाजू जुळली, दुखण्याची तऱ्हा जुळली. पाचवी ओळ हेच कारण, असं डॉक्टर खात्रीने म्हणू शकतात. बाकीच्या चार ओळी मात्र त्यांच्या बाबतीतही बाजूलाच राहतात.

कारण जुळलं म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असंही नाही. अशी बहुतेक दुखणी सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरतात. बाहेर आलेला डिस्कचा भाग शरीर स्वतःच जिरवतं, आणि गंमत अशी की मोठे, सुटलेले तुकडे जास्त प्रमाणात जिरतात, साधे बल्ज कमी. तोवर औषधं, हालचाल, आणि कळ असह्य असेल तर मुळाजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन असे मार्ग असतात. एवढं करूनही पायातली कळ हटत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो, आणि तिचा फायदा मुख्यतः पायाच्या दुखण्याला होतो. बाईंनी रोज एक गोष्ट मात्र पाहायची: टाचांवर दहा पावलं चालता येतात का, अंगठा वर उचलता येतो का. ताकद दिवसेंदिवस घटत असेल, पाऊल लटकू लागलं असेल, तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

तिसरे गृहस्थ हाच रिपोर्ट घेऊन आले, पण त्यांची कळ उजव्या पायात जाते. रिपोर्ट डावीकडचा, दुखणं उजवीकडचं. जुळणी तिथेच तुटली. अशा वेळी प्रतिमा पुन्हा नीट पाहाव्या लागतात, रिपोर्ट टाइप करताना बाजू उलटली नाही ना हे विचारावं लागतं, आणि दुखणं खुब्याच्या सांध्यातून किंवा दुसरीकडून येतंय का हे तपासावं लागतं. ही शंका रुग्णालाही विचारता येते, कारण कुठला पाय दुखतो हे त्याला सगळ्यात आधी माहीत असतं.

नॅरोइंग आणि स्टेनोसिस: चालण्याची हकिकत

नॅरोइंग तीन ठिकाणी लिहिलेलं असतं. मधल्या नलिकेत असेल तर कॅनल स्टेनोसिस, नलिकेच्या कोपऱ्यात असेल तर लॅटरल रिसेस, आणि नस बाहेर पडते त्या भोकापाशी असेल तर फोरामिनल. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशी प्रत असते. माइल्ड फोरामिनल नॅरोइंग पन्नाशीनंतरच्या रिपोर्टमध्ये इतकं सवयीनं येतं की, पायातली कळ त्याच नसेच्या इलाक्यात नसेल तर त्याकडे फारसं पाहायची गरज नसते.

मधल्या नलिकेच्या स्टेनोसिसला स्वतःची अशी एक हकिकत असते. समजा, अडुसष्ट वर्षांच्या आजी सांगतात, "मंडईपर्यंत जाताना दोन्ही पाय भरून येतात, जड होतात. पायरीवर बसले की पाच मिनिटांत मोकळे." देवळात दर्शनाच्या रांगेत त्यांना उभं राहवत नाही. पण ट्रॉली पुढे ढकलत, जरा पुढे झुकून चाललं तर बरंच अंतर जमतं. पुढे झुकलं की नलिका थोडी रुंद होते, ताठ उभं राहिलं की अरुंद. म्हणून हे दुखणं बसल्यावर-वाकल्यावर कमी आणि उभं राहिल्या-चालल्यावर जास्त असतं. अशी हकिकत आणि रिपोर्टवर मॉडरेट किंवा सिव्हिअर कॅनल स्टेनोसिस, हे दोन्ही एकत्र आले की जुळणी झाली. सिव्हिअर लिहिलं आहे पण माणूस रोज तीन किलोमीटर सहज चालतो, तर फक्त शब्दासाठी काही करायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं.

दुसऱ्या दोन दुखण्यांची याच्याशी गल्लत होते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटरी भरून येते, विशेषतः तंबाखू-सिगारेट आणि मधुमेह असलेल्यांना. पण ती नुसतं उभं राहिलं तरी थांबते, बसावं-वाकावं लागत नाही, आणि पावलावरची नाडी मंद लागते. मधुमेहात तळपायांची आग होते, ती दोन्ही पायांत सारखी, बोटांकडून वर चढणारी आणि रात्री पलंगावरही छळणारी असते. या दोन्ही तक्रारींसाठी एमआरआय काढला तरी त्यात काही ना काही स्टेनोसिस दिसण्याचा संभव असतो, आणि तिथेच निदान भरकटतं.

या ओळी आणि ही लक्षणं कधीच बाजूला ठेवू नयेत

वयाच्या बदलांच्या गर्दीत काही ओळी वेगळ्या असतात. डिस्कायटिस, एंडप्लेट इरोजन, पॅराव्हर्टिब्रल कलेक्शन किंवा सोआस अॅब्सेस हे शब्द संसर्गाकडे बोट दाखवतात, आणि आपल्याकडे त्यात मणक्याचा क्षयरोग आधी मनात येतो. रात्रीही न थांबणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, उडालेली भूक हे सोबत असू शकतं, पण काहींना ताप अजिबात नसतो. सुरुवातीच्या काळात एक्स-रे साफ दिसू शकतो, त्यामुळे अशा तक्रारीत 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर थांबू नये.

व्हर्टिब्रल कोलॅप्स किंवा वेज फ्रॅक्चर म्हणजे मणका दबून मोडणं. वयस्कर बायकांमध्ये, किंवा बरेच महिने स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये, एसटीच्या मागच्या सीटवर बसलेला एक धक्काही याला पुरतो. मॅरो एडिमा हा शब्द सोबत असेल तर फ्रॅक्चर ताजं, नसेल तर बहुधा जुनं. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये मॅरोच्या सिग्नलमध्ये बदल लिहिला असेल तर तो त्वरित उलगडावा लागतो. याउलट हेमॅन्जिओमा हा गाठीचा शब्द वाचून घाबरणारे अनेक असतात. मणक्यातला तो रक्तवाहिन्यांचा गुच्छ बहुतेक वेळा जन्मभर निरुपद्रवी राहतो.

तरुणांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, पहाटे झोपेतून उठवणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठर ठेवणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी ही सांध्यांच्या सुजेच्या आजाराची असू शकते. त्याची सुरुवात बहुधा ओटीपोटामागच्या सॅक्रोइलियाक सांध्यांत होते, आणि कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ते सांधे पूर्ण येत नाहीत. रिपोर्ट साफ आला तरी अशा वेळी त्या सांध्यांचा वेगळा एमआरआय लागतो.

आणि काही लक्षणांसाठी तर रिपोर्टची वाटच पाहायची नाही. लघवी तुंबणं किंवा तिचा अंदाज न येणं, शौचावरचा ताबा जाणं, जननेंद्रिय-गुदद्वाराभोवती सायकलच्या सीटइतका भाग बधिर होणं, दोन्ही पाय एकदम अशक्त होणं. हे नसांच्या पूर्ण जुडग्यावर दाब आल्याचं चिन्ह असतं. रात्र असली तरी तातडीने मोठ्या रुग्णालयात जावं. इथे तासांना किंमत असते.

दुसरा एमआरआय, दुसरा रिपोर्ट

२०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पायात कळ असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी आल्या आणि त्यातली एकही नोंद सगळ्या दहा रिपोर्टमध्ये नव्हती. म्हणून जुन्या रिपोर्टवर 'माइल्ड' आणि नव्यावर 'मॉडरेट' असेल तर आजार वाढला असं लगेच मानू नका. दोन्ही सीडी एकाच डॉक्टरांपुढे, शेजारी शेजारी पाहिल्या तरच तुलना खरी होते.

बरं वाटतंय की नाही हे पाहायला पुन्हा एमआरआय काढण्यातही फारसा अर्थ नाही. सायटिकाच्या २६७ रुग्णांचा नेदरलँड्समध्ये एका वर्षाने पुन्हा एमआरआय काढला गेला. जे बरे झाले त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांत डिस्कचा फुगवटा अजून दिसत होता, आणि जे बरे झाले नाहीत त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांत. प्रतिमेवरून दोघांत फरक करता आला नाही. नवा एमआरआय लागतो तो नवं लक्षण आलं, ताकद घटू लागली, किंवा शस्त्रक्रिया-इंजेक्शन ठरवायचं असेल तेव्हा. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिला एमआरआयही साधारण सहा आठवड्यांच्या उपचारांनंतरच काढावा.

डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: दुखणं कमरेत जास्त की पायात; पायात असेल तर कोणत्या, आणि नेमक्या कुठल्या बोटापर्यंत; बसणं, उभं राहणं, चालणं यांतल्या कशाने वाढतं; न थांबता किती अंतर चालता येतं; मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का. एमआरआय काढायला जातानाही हाच कागद केंद्रावर द्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट नेमकी ती जागा बारकाईने पाहतात. रिपोर्टसोबत फिल्म किंवा सीडी जपून ठेवा.

मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या रिपोर्टमधली कोणती ओळ माझ्या दुखण्याशी जुळते? तपासणीत त्याच नसेची काही खूण मिळाली का? आणि ही ओळ रिपोर्टमध्ये नसती, तर माझे उपचार वेगळे असते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ती ओळ वाचून कुठलंही काम सोडायचं कारण उरत नाही. 'हो' असेल, तर उपचाराला किती आठवडे द्यायचे आणि कशावरून फरक पडला असं म्हणायचं, हे त्याच भेटीत ठरवून घ्या.